पासष्ट वॅट, तीन किमती

माझ्या टेबलावर सध्या तीन चार्जर पडलेले आहेत. तिघांच्याही अंगावर '६५ वॅट' असं ठसठशीत छापलंय. एक ३५० रुपयांचा, धाकट्याने कॉलेजच्या वाटेवरच्या टपरीवरून आणलेला. 'जोडीने घेतले तर सातशे' म्हणत टपरीवाल्याने दोन गळ्यात मारले. दुसरा ७९९ चा, मी सेलमध्ये घेतलेला आणि घेताना स्वतःची पाठ थोपटलेला. तिसरा २,४९९ चा, मेव्हण्याकडून दोन आठवड्यांच्या बोलीवर मागून आणलेला. तूरडाळ तीन दुकानांत तीन भावांनी मिळते, पण फरक पाच-दहा रुपयांचा असतो. इथे एकाच मापाच्या मालाला सातपट भाव.

या चौकशीला निमित्त झालं ते एका सोमवारचं. सकाळी नऊची ऑनलाइन मीटिंग, लॅपटॉप ७९९ वाल्यावर लावलेला. बायकोने येता-जाता त्याच चार्जरच्या दुसऱ्या तोंडात आपला फोन खोचला. वीस मिनिटांनी लॅपटॉप बंद. तो मघापासून नुसता बॅटरीवर चालत होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. "अहो, दोन भोकं दिलीत ना त्याला? मग दोन वस्तू लावायच्या नाहीत तर काय करायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला म्हणून मी हजाराच्या आतला एक यूएसबी मीटर आणला. चार्जर आणि वायर यांच्यामध्ये लावायचा, की किती व्होल्ट आणि किती अँपिअर जातायत ते त्याच्या इवल्याशा पडद्यावर दिसतं.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण चार्जरवरचा ६५ हा आकडा म्हणजे तो सतत ओतत असलेली वीज नव्हे. आजचा टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग फोन किंवा लॅपटॉप आणि चार्जर यांच्यात वायरीवरून बोलणी होतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, प्रत्येकावर इतके अँपिअर देऊ शकेन. समोरचं उपकरण त्यातलं एक निवडतं. या बोलीभाषेचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, बाजारात नुसतं 'पीडी'. ६५ वॅट मिळतात ते २० व्होल्टवर, सव्वातीन अँपिअरला. २० व्होल्ट न मागणाऱ्याला ते कधीच मिळत नाहीत. म्हणून फोनला १०० वॅटचा चार्जर लावला तर फोन जळेल ही भीती जशी खोटी, तशीच फोन चौपट वेगाने भरेल ही आशाही खोटी. किती घ्यायचं ते फोन ठरवतो.

३५० वाल्याला ही भाषा येतच नव्हती. त्याला तोंडच जुनं, रुंद, चपट्या यूएसबीचं. पाठीवर '10V⎓6.5A' असं छापलेलं. हा आकडा मुळात काही मोबाइल कंपन्यांच्या स्वतःच्या जलद चार्जिंगचा आहे. वनप्लस, ओप्पो, रिअलमी या फोनांची चार्जरशी बोलायची खासगी भाषा असते आणि त्यासाठी त्यांचाच चार्जर नि त्यांचीच वायर लागते. नकली मालात आकडा उतरवून घेतात, भाषा कुठून आणणार? माझा सॅमसंगचा फोन लावला तर मीटरवर ५ व्होल्ट आणि पावणेदोन अँपिअर दिसले. गुणाकार करा, पावणेनऊ वॅट. ज्याच्या अंगावर ६५ लिहिलंय त्याचे हे पावणेनऊ.

७९९ वाला इतका लबाड नव्हता. एकटा लॅपटॉप लावला तर २० व्होल्टवर जवळपास ६० वॅट देत होता. वरचे पाच माझ्या वायरीने अडवले होते. तीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह हवा तर वायरीच्या टोकात ओळख सांगणारी एक चिप लागते. ती नसली तर चार्जर तीन अँपिअरवर थांबतो, आणि २० गुणिले ३ म्हणजे ६०. पाच अँपिअरची वायर वेगळी विकत मिळते आणि ६० वॅटच्या वर जायचं असेल तर ती लागतेच. वायरीबद्दल एवढं पुरे.

खरी गोम निघाली ती दुसऱ्या तोंडात फोन खोचल्यावर. मीटरवरचे २० व्होल्ट एकदम ५ वर आले. डब्यावरची माहिती चष्मा लावून वाचली, तर तळाशी मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं की दोन्ही तोंडं एकदम वापरली तर एकूण ५ व्होल्ट, ३ अँपिअर. म्हणजे दोघांत मिळून १५ वॅट. मेव्हण्याच्या चार्जरच्या डब्यावर मात्र हे असं होतं:

```
Output: 5V⎓3A, 9V⎓3A, 15V⎓3A, 20V⎓3.25A (65W Max)
PPS: 3.3-11V⎓3A
C1+C2: 45W+20W
```

शेवटची ओळ बघा. दोन वस्तू लावल्या तर एकीला ४५ आणि दुसरीला २० वॅट. लॅपटॉप थोडा सावकाश भरेल, पण भरेल. हा फरक येतो तो आतल्या मांडणीतून. स्वस्त चार्जरमध्ये वीज तयार करणारं सर्किट एकच असतं आणि त्याला दोन तोंडं नुसती जोडलेली असतात. एका सर्किटमधून एका वेळी एकच व्होल्टेज निघतं. लॅपटॉपला २० हवेत, फोनला ९ हवेत, मग दोघांनाही चालेल असं ५ देऊन मोकळं व्हायचं. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक तोंडामागे व्होल्टेज उतरवणारं स्वतंत्र सर्किट बसवतात आणि कुणाला किती द्यायचं हे ठरवणारी चिप असते. या सामानाला पैसे पडतात. दोन तोंडांच्या चार्जरसाठी दोन पैसे जास्त मोजायचे तर ते यासाठी मोजावेत, आणि ते वसूल होतात.

मधली पीपीएसची ओळ आता सॅमसंगवाल्यांसाठी. बॅटरीला हवं असलेलं व्होल्टेज ती भरत जाते तसं बदलत जातं. साध्या पीडीत ९ व्होल्ट आले की ते उतरवून बॅटरीजोगे करायचं काम फोनच्या पोटात होतं आणि फोन तापतो. पीपीएस असलेल्या चार्जरकडे फोन ०.०२ व्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी हवं तेवढंच मागू शकतो, त्यामुळे बरीचशी उष्णता फोनबाहेर चार्जरमध्येच राहते. सॅमसंगचं २५ वॅटचं चार्जिंग पीपीएस असेल तरच चालू होतं. नसेल तर फोन १५ वॅटच्या आसपास रेंगाळतो, मग चार्जर ६५ चा असो की १०० चा. आणि ४५ वॅट घेणारा सॅमसंग असेल तर या ओळीत ३ ऐवजी ५ अँपिअर दिसायला हवेत. आयफोनला यातलं फारसं काही लागत नाही, त्याचं साध्या पीडीवर भागतं. २०२० मध्ये ॲपलने आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला आणि पुढच्या वर्षी सॅमसंगने तोच कित्ता गिरवला, तेव्हापासून ही ओळ वाचायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलंय. दुकानदार ती वाचत नाहीत. मी दोघांना विचारून पाहिलं, दोघांनीही "साहेब, फास्ट आहे" एवढंच सांगितलं.

इथपर्यंतचा फरक डब्यावर वाचता येतो. पुढचा वाचता येत नाही.

मे महिन्यातल्या दुपारी लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर आणली आणि ७९९ वाला लावून मीटरवर नजर ठेवून बसलो. पंचविसेक मिनिटं ६० वॅट चालले. मग आकडा ४५ वर आला आणि तिथेच राहिला. चार्जरवर हात ठेवला तर तीन म्हणेपर्यंत उचलावा लागला. दुसऱ्या दिवशी तशाच दुपारी २,४९९ वाला लावला. तोही तापला, पण हात ठेवता येत होता आणि पाऊण तासात आकडा हलला नाही. म्हणजे एकाचे ६५ वॅट पंचवीस मिनिटांचे आणि दुसऱ्याचे दिवसभराचे. डब्यावर दोन्हीकडे ६५ च.

चार्जर तापतो कारण भिंतीतून घेतलेली सगळी वीज पुढे जात नाही. ६५ वॅट देणारा चार्जर ९२ टक्के कार्यक्षम असेल तर आत सुमारे साडेपाच वॅट उष्णता होते. ८५ टक्के असेल तर साडेअकरा, म्हणजे दुप्पट. हे सात टक्के कुठे जातात त्याचा एक नमुना सांगतो. वीज बाहेर पडण्याआधी ती एकाच दिशेने वाहील अशी चाळण लागते. स्वस्तात तिथे एक डायोड बसवतात, आणि त्यातून जाताना अर्ध्या व्होल्टची पट्टी द्यावी लागते. सव्वातीन अँपिअरला दीड वॅटहून जास्त उष्णता एकट्या त्या डायोडमध्ये. त्याच्या जागी मॉसफेट आणि तो नेमक्या क्षणी चालू-बंद करणारी चिप बसवली तर हेच नुकसान वॅटच्या दहाव्या हिश्शावर येतं. डायोड स्वस्त, मॉसफेटची जोडी महाग. अशा चार-पाच ठिकाणी निर्मात्याने हात आखडता घेतला की चार्जर तापायला लागतो, आणि मग त्याच्या आतला तापमान-रक्षक वीज कमी करतो. रक्षक असेल तर.

उष्णतेचा हिशोब आयुष्यावरही येतो. चार्जरमधला सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ती छोट्या डब्यासारखी गोल वस्तू. त्याच्या आतला द्रव हळूहळू सुकत जातो. साधारण नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ८५ अंशांत राहिला तर ८,००० तास टिकतो. रोज चार तास वापर धरला तर पहिल्याचे दीड वर्षही भरत नाही आणि दुसऱ्याची साडेपाच वर्षं होतात. हा कपॅसिटर सुकायला लागला, किंवा मुळातच लहान बसवलेला असला, की बाहेर पडणाऱ्या विजेत लहरी उठतात. फोन चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन बोटाला दाद देत नाही, आपोआप वर-खाली पळते, भलतीच अक्षरं उमटतात, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. वायर काढली की फोन शहाणा. अशा वेळी फोन दुरुस्तीला न्यायची घाई नको, आधी दुसरा चार्जर लावून बघा.

याच ओघात 'गॅन' या शब्दाचा समाचार घेऊ, कारण आज सगळ्यात जास्त पैसे या तीन अक्षरांवर मागितले जातात. गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्यातलंच हे द्रव्य. चार्जरमध्ये वीज एका ट्रान्सफॉर्मरमधून तुकड्या-तुकड्यांनी पलीकडे जाते. रहाटाचे पोहरे आठवा. पोहरे मोठे असतील तर रहाट सावकाश फिरला तरी चालतो, लहान असतील तर त्याच पाण्यासाठी तो जोरात फिरवावा लागतो. सिलिकॉनचा स्विच जोरात फिरवला की स्वतःच तापून निघतो, म्हणून तिथे पोहरे मोठे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर मोठा. गॅनचा स्विच कितीतरी वेगाने चालू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी थोडीच वीज वाया घालवतो. मग ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो आणि चार्जर मुठीत मावतो. फायदा एवढाच आणि एवढा. प्रवासात पिशवीत टाकायचा असेल तर त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. घरच्या बोर्डावर कायमचा लावून ठेवायचा असेल तर जरा मोठा, जाडजूड, साधा चार्जरही तेच काम करतो, शिवाय मोठ्या अंगामुळे उष्णता सहज बाहेर टाकतो. लहान डबीत कोंबलेलं सर्किट गॅनचं असलं तरी तापतंच. २० वॅटच्या फोन-चार्जरवर गॅनचा बडेजाव बघितला की मला हसू येतं. मेव्हण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला ते फारसं रुचलं नाही.

आता ३५० वाल्याचं पोट उघडू. आमच्याकडच्या रिपेअरवाल्या काकांनी त्याला व्हाइसमध्ये हलकेच आवळला, शिवणीवर हातोडीची एक टिचकी मारली आणि अक्रोडासारखा फोडला. शेजारी त्यांनी आपल्या भंगाराच्या पेटीतून एका नामांकित बनावटीचा, पिन तुटलेला जुना चार्जर उघडून ठेवला. म्हणाले, "वजन बघू नका साहेब. वजन यावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा घातलेलेही येतात माझ्याकडे. ही रेघ बघा."

रेघ म्हणजे सीमा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत आली की तिची आधी सरळ वीज होते आणि ती ३२५ व्होल्टपर्यंत चढते. कारागीर या भागाला हॉट साइड म्हणतात. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे कोल्ड साइड, तिथून तुमच्या फोनची वायर निघते. दोन्हीकडे धातूची कुठलीही सलग वाट असता कामा नये. वीज पलीकडे जायची ती फक्त ट्रान्सफॉर्मरमधल्या चुंबकत्वाच्या रूपाने. चांगल्या चार्जरमध्ये या दोन बाजूंच्या तांब्याच्या रेघांमध्ये पाच-सहा मिलिमीटरचं अंतर राखलेलं होतं. शिवाय मधोमध बोर्डालाच एक चीर पाडलेली, म्हणजे धूळ आणि ओल साचून तिच्यावरून ठिणगी चालत जायला नको. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तारेवर तीन-तीन थरांचं कवच. ३५० वाल्यात हे अंतर एका ठिकाणी जेमतेम तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं होतं. चीर नाही. फ्यूजच्या जागी नुसती तार. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत, सहा महिन्यांची धूळ बसल्यावर, त्या दाण्याएवढ्या अंतराचा भरवसा कोण देणार?

काकांनी मग एक निळी चकती दाखवली, नखाएवढी. दोन्ही बाजूंना जोडणारा हा एकच पूल कायदेशीर असतो. त्याला वाय-कपॅसिटर म्हणतात आणि विजेतला गोंगाट कमी करायला तो लागतोच. तो मोडला तर सर्किट तुटलंच पाहिजे, जोडलं जाता कामा नये, अशा बेताने तो बनवलेला असतो, आणि त्याच्यावर Y1 किंवा Y2 असं छापलेलं असतं. ३५० वाल्यात त्याच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर होता. दोन्ही दिसायला सारखेच. किमतीतला फरक काही रुपयांचा. पण साधा कपॅसिटर फुटला की आतून शॉर्ट होऊ शकतो, आणि मग भिंतीतली वीज थेट फोनच्या वायरीवर येते. रात्री चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलत पडलेला माणूस त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण यावरून उगाच घाबरगुंडी उडते. दोन पिनांचा चार्जर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की झिणझिण्या येतात. तो याच वाय-कपॅसिटरचा प्रताप. त्यातून झिरपणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आत असावा लागतो आणि उत्तम चार्जरमध्येही तो असतोच. तीन पिनांचा, अर्थिंगला जोडलेला चार्जर लावला की झिणझिण्या जातात. पण झिणझिणीच्या जागी सणकन झटका बसला तर तो चार्जर त्याच क्षणी काढा.

हे सगळं एका टपरीवरच्या मालावरून बोलतोय असं वाटायला नको. २०१६ मध्ये यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेने ॲपलच्या नकली चार्जरांचे ४०० नग तपासले. ३९७ नापास झाले. त्यांतले १२ तर जीवघेणा शॉक देऊ शकतील इतके वाईट होते. अमेरिकेतले अभियंते केन शिरिफ यांनी २०१४ मध्ये आयपॅडचा अस्सल आणि नकली चार्जर शेजारी-शेजारी उघडून दाखवले होते. त्या नकलीतही सुरक्षित अंतराची अशीच बोंब होती आणि १० वॅट म्हणून विकलेल्या त्या वस्तूतून सहा वॅटही निघत नव्हते. गोष्ट तीच.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे, ती न्यूट्रलची. उन्हाळी वादळात फांदी पडून डीपीजवळचा न्यूट्रल तुटला की गल्लीतल्या काही घरांचे दिवे मिणमिणतात आणि काही घरांचे बल्ब फुटतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल गेला की हलका भार असलेल्या घरात २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकतं. चार्जरच्या हॉट साइडला जो मोठा कपॅसिटर असतो त्याच्यावर बहुधा ४०० व्होल्ट छापलेलं असतं. भिंतीतलं व्होल्टेज २८३ झालं की आतली सरळ वीज बरोबर ४०० ला टेकते. त्याच्या वर कपॅसिटर फुगतो आणि फुटतो. चांगल्या चार्जरमध्ये दारातच व्हॅरिस्टर नावाची एक चकती असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. चार्जर मरतो, पण फोनला सोबत नेत नाही. काकांच्या भंगाराच्या पेटीत असे हुतात्मे बरेच होते. ३५० वाल्यात चकती नव्हती, आणि नुसत्या तारेचा 'फ्यूज' काय उडणार?

मग गिऱ्हाइकाने न फोडता ओळखायचं कसं? भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर ॲडॅप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर आयएस १३२५२ किंवा नवा आयएस/आयईसी ६२३६८ हा मानक क्रमांक आणि त्याखाली `R-` ने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोचं 'बीआयएस केअर' हे मोफत ॲप आहे. त्यात तो क्रमांक टाकला की कुठल्या कारखान्याला, कुठल्या वस्तूसाठी, कुठल्या ब्रँडखाली नोंदणी दिलीय ते समोर येतं. नुसता क्रमांक छापलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्या ७९९ वाल्याचा क्रमांक नीट निघाला, ब्रँडही जुळला. ३५० वाल्याचा क्रमांकही खराच होता, फक्त तो भलत्याच ब्रँडच्या भलत्याच ॲडॅप्टरचा होता. कुणाच्या तरी डब्यावरून उतरवून घेतलेला. ही नोंदणी चार्जर सुरक्षित आहे का एवढंच बघते. तो पाऊण तास ६५ वॅट देईल का, दोन तोंडांत वीज कशी वाटेल, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ते मीटर आणि डब्यावरच्या ओळी सांगतात.

माझ्या हिशोबाने सुरक्षितता ही जास्तीच्या किमतीची गोष्टच नाही. तेवढी नसेल तर तो चार्जर फुकटही नको. नोंदणी जुळली की मग प्रश्न तुमच्या गरजेचा. एकच फोन, तोही २५ वॅटचा, तर पीपीएस असलेला २५-३० वॅटचा साधा चार्जर घ्या आणि ६५ च्या नादी लागू नका. लॅपटॉप तासन्‌तास चालवायचा असेल, त्यातून अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, तर गरम होऊनही आकडा न सोडणाऱ्या चार्जरला पैसे द्या, आणि तो शक्य तर गरजेपेक्षा एक पायरी वरचा घ्या, म्हणजे तो निम्म्या-पाऊण भारावरच चालेल. लॅपटॉप आणि फोन एकदम लावायचे असतील तर ती C1+C2 ची ओळ वाचल्याशिवाय पैसे काढू नका. वॅट दाखवणारा पडदा, झगमगता दिवा, चामड्याची पिशवी, ब्रँडचं उठावदार नाव, या सगळ्यांसाठी जो भाव लावतात तो हौसेचा. हौसेला मोल नसतं, तेव्हा त्यात मी पडत नाही.

मेव्हण्याचा चार्जर परत दिला. मी १,८०० च्या आसपास ४५ अधिक २० वाटणी करणारा, गॅनचा नसलेला, जरा ढब्बू असा चार्जर घेतलाय. ७९९ वाला टाकला नाही. त्याच्या दुसऱ्या तोंडावर चिकटपट्टी मारून तो एका फोनसाठी ठेवलाय आणि तिथे तो चोख काम करतो. ३५० वाल्या जोडीतला एक काकांच्या टेबलावर फुटला. दुसऱ्याच्या दोन्ही पिना मी पकडीने वाकवून तोडल्या आणि मगच ई-कचऱ्यात दिला. तुमच्या घरात असा एखादा असेल तर तुम्हीही आधी पिना तोडा. अख्खा टाकलात तर तो कुणीतरी उचलून, पुसून, पुन्हा भिंतीला लावतो.